नऊ इंची कॉलम आणि मजल्यामागे आठ चौरस फूट

जुळे सोलापुरातल्या साइटवरची ही गोष्ट आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला दोन फ्लॅट. इमारत १२ मीटर बाय साडेतेरा मीटरची, कॉलम सोळा: बारा बाहेरच्या रेषेत आणि चार आत. काळी माती काढून मुरमापर्यंत खोदाई झाली होती, पायाची फुटिंग भरून झाली होती आणि कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या होत्या. ड्रॉइंगमध्ये कॉलमचं माप ३०० बाय ६०० मिमी होतं, म्हणजे बारा इंच बाय दोन फूट.

मालक टॉवेलच्या धंद्यातले. एका सकाळी ते टेप घेऊन आले आणि त्यांनी स्वतः दोन-तीन कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा मोजल्या. मग मला बोलावून म्हणाले, "साहेब, हे कॉलम हायेत का खांब देवळाचे? माझ्या मोठ्या भावाच्या घराला नऊ इंची कॉलम हायेत. किल्लारीचा भूकंप झाला तवा साधा तडा गेला नाही. तुम्ही माझी जागा खाताय की." त्यांच्यासोबत आलेल्या ओळखीच्या मिस्त्रीने हिशेबही करून दिला होता. कॉलम नऊ बाय अठरा इंच केला, म्हणजे २३० बाय ४५०, तर मजल्यामागे तेरा चौरस फूट वाचतात. चार मजल्यांचे त्रेपन्न. चार हजार रुपये फुटाने दोन लाखांच्या वर.

मी तिथेच "नाही जमणार" म्हणालो, आणि तिथेच चुकलो. पैसे घालणाऱ्या माणसाला इतक्या तुटक उत्तराने समाधान कसं मिळेल? ते काही न बोलता गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "लेखी द्या, का जमणार नाही ते."

रात्री मी पहिला मसुदा लिहिला. त्यात आयएस ४५६ आणि आयएस १३९२० ही काँक्रीट आणि भूकंपाबद्दलची भारतीय मानकं होती, कलमांचे आकडे होते. आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी तो वाचला आणि विचारलं, "त्यांनी तुला जागा विचारलीय. यात जागेचा हिशेब कुठाय?" प्रश्न बरोबर होता. मी दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टचा प्लॅन समोर घेऊन एकेका कॉलमशेजारची भिंत पाहिली आणि पत्र नव्याने लिहिलं. ते असं:

आदरणीय मालक, सप्रेम नमस्कार.

आपण कॉलमचं माप कमी करण्याबद्दल विचारलं होतं. आधी जागेचा हिशेब मांडतो, मग कारणं सांगतो.

मिस्त्रींनी काढलेले तेरा फूट हे पूर्ण कॉलमच्या क्षेत्रफळातला फरक आहेत. पण कॉलमचा बराचसा भाग भिंतीच्या पोटात जातो, आणि तिथे कॉलम नसता तर वीट असती. ती जागा फ्लॅटला कधीच मिळणार नव्हती. बाहेरची भिंत २३० मिमीची आहे. ३०० मिमी रुंदीचा कॉलम बाहेरून भिंतीला सपाट ठेवला, तर आत फक्त ७० मिमी डोकावतो. हे ७० मिमी आणि कॉलमची ६०० मिमी लांबी धरली, तर एका कॉलममागे अर्ध्या चौरस फुटापेक्षाही कमी जागा जाते. कोपऱ्यातल्या कॉलमची त्याहून कमी. आतले चार कॉलम साडेचार इंची भिंतीत असल्यामुळे जास्त बाहेर येतात. तिथे फरक प्रत्येकी अर्ध्या चौरस फुटाहून जास्त होतो, पण पाऊण फूट भरत नाही. सोळा कॉलमचे मिळून मजल्यामागे फार तर आठ चौरस फूट होतात. एका फ्लॅटला चार. एवढीच जागा आपण वाचवायची म्हणतो आहोत, आणि तीही एका जागी सलग नाही, तर भिंतीच्या कडेने पावणेतीन इंचाच्या पट्ट्यांमध्ये. तिथे कपाटही बसत नाही. एफएसआयमध्येही काही फरक पडत नाही, कारण कॉलम बांधकाम क्षेत्राच्या आतच मोजले जातात.

आता मिस्त्रींचं म्हणणं. नऊ इंची कॉलम वजन घेईल, असं ते म्हणतात. मी हिशेब करून पाहिला, आणि सरळ खाली येणाऱ्या वजनापुरतं ते खोटं नाही. आतल्या एका कॉलमवर १८ चौरस मीटर भागाचं ओझं येतं. वरचे पाच स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि माणसं-सामान धरून ते सुमारे ११० टन होतं. नियमाप्रमाणे दीडपट धरून १६५ टन. एम२५ ग्रेडचं काँक्रीट आणि दोन टक्के लोखंड घातलेला नऊ बाय अठराचा कॉलम कागदावर १७४ टनांपर्यंत जातो. म्हणजे काठावर पास.

पण हे गणित वजन कॉलमच्या बरोबर मधोमध उतरतं असं धरून केलेलं आहे. साइटवर तसं कधीच होत नाही. शटरिंग अर्धा इंच इकडेतिकडे होतं, वरचा कॉलम खालच्यावर तंतोतंत बसत नाही, एका बाजूचा बीम जास्त भरलेला असतो. म्हणून नियमच सांगतो की वजन किमान २० मिमी बाजूला सरकलं आहे असं धरा. २३० मिमीच्या कॉलमला २० मिमी म्हणजे रुंदीचा अकरावा-बारावा हिस्सा. कॉलम तेवढ्यानेच वाकायला लागतो आणि ते काठावरचे नऊ टन उरत नाहीत.

खरा प्रश्न आडव्या जोराचा आहे. भूकंपात जमीन बाजूला सरकते आणि वरची इमारत मागे राहू पाहते. ती सगळी ओढ खालच्या मजल्याच्या कॉलमवर येते. वाकण्याच्या बाबतीत कॉलमचं क्षेत्रफळ महत्त्वाचं नसतं. कोणत्या बाजूने किती जाडी आहे ते महत्त्वाचं असतं, आणि ती जाडी तीनदा गुणली जाते. मी दोन्ही मापांचा हिशेब केला. क्षेत्रफळ ४२ टक्क्यांनी घटतं, पण कॉलमचा ताठपणा एक तृतीयांशावर येतो. अरुंद बाजूनेही आणि लांब बाजूनेही.

आपल्या इमारतीत खाली पार्किंग आहे, म्हणजे तळमजल्यावर भिंती नाहीत. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार मिळतो आणि ते एका पेटीसारखे घट्ट राहतात. सगळं हलणं खाली होतं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला, पण तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये पार्किंगवर उभ्या असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वरचे मजले बऱ्याच ठिकाणी अखंड होते, खालचे कॉलम तेवढे मोडले होते. याच कारणाने आपल्या डिझाइनमध्ये लिफ्टभोवती आरसीसी भिंत आहे. ती बराच जोर घेईल. पण इमारत जेवढी सरकेल तेवढं प्रत्येक कॉलमलाही तिच्याबरोबर सरकावं लागेल, आणि सरकताना वरचं वजन न सोडता धरून ठेवावं लागेल.

हे धरून ठेवणं रिंगांच्या आतलं काँक्रीट करतं. जोराच्या हलण्यात रिंगांबाहेरचं ४० मिमी काँक्रीट, म्हणजे कव्हर, फुटून गळतं. मग उरतो तो रिंगांनी आवळलेला गाभा. ३०० बाय ६००च्या कॉलममध्ये हा गाभा २२० बाय ५२० मिमी आहे. २३० बाय ४५०मध्ये तो १५० बाय ३७० उरतो. बाहेरून पाहता माप थोडंसंच लहान वाटतं, पण संकटात कामाला येणारा गाभा निम्म्याहून कमी होतो. आपल्या जागेच्या हिशेबासमोर मला हा एक आकडा ठेवावासा वाटतो.

आपल्या बंधूंच्या घराबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं, ते इथून शंभर किलोमीटरच्या आत. सोलापूरकरांनी तो धक्का अनुभवला, पण केंद्राजवळ होता तेवढा जोर इथे नव्हता. शिवाय ते घर दुमजली आहे, तळाशी सगळीकडे जाड भिंती आहेत, आणि वजन कॉलमइतकंच त्या भिंतीही घेतात. त्या काळच्या नियमांत २०० मिमीचा कॉलमही चालत असे, त्यामुळे ज्याने ते बांधलं त्याने काही गैर केलं नाही. पण त्या भूकंपाच्या आधी किल्लारीचा भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि त्यात सोलापूर तिसऱ्या विभागात आलं. या विभागात आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी ठेवता येत नाही. म्हणून २३० चा कॉलम आपले कन्सल्टंट सही करून देऊ शकत नाहीत. आणि त्यांच्या सहीच्या ड्रॉइंगबाहेर मी साइटवर एक इंचही बदलू शकत नाही.

शेवटी माझ्या कामातली अडचण. नऊ इंचात सळया भरल्या की काँक्रीटला जागा उरत नाही. दोन्हीकडचं ४० मिमी कव्हर आणि रिंगेची जाडी गेली की आत १३४ मिमी राहतात. कागदावर बसवण्यासाठी २० मिमीची सळई वापरावी लागली, तर जिथे सळयांचा जोड येतो तिथे आडव्या दिशेने चार सळया येतात. मध्ये ५४ मिमी उरतात. बीमच्या सळयाही त्याच फटीतून जायच्या. ४० मिमीची व्हायब्रेटरची सुई तिथे अडकते, खडी वर थांबते आणि खाली नुसता सिमेंटचा रस उतरतो. शटरिंग काढल्यावर कॉलमच्या वरच्या टोकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. जोर सर्वांत जास्त तिथेच येतो.

माझ्या आधीच्या एका साइटवर मी हे पाहिलं आहे. तिथल्या नऊ इंची कॉलमना बीमखाली अशी पोकळी निघाली. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येत होता. दुरुस्तीसाठी चारही बाजूंनी नवीन सळया आणि काँक्रीटचं जॅकेट चढवावं लागलं, प्रत्येक बाजूला चार इंच. नऊ इंचाचा कॉलम सतरा इंचाचा झाला.

म्हणून कॉलमचं माप आहे तेच ठेवावं, अशी माझी विनंती आहे. जागा वाढवण्यासाठी दुसरा एक मार्ग आहे. तो समोरासमोर बसून दाखवतो.

आपला,
साइट इंजिनिअर

पत्र पोचल्यावर दोन दिवस काहीच उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मालक साइटवर आले. पत्र खिशात होतं, आणि गाभ्याच्या आकड्याखाली पेनने रेघ मारलेली होती.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला: काँक्रीटचा ग्रेड वाढवला तर? हा प्रश्न प्रत्येक साइटवर येतो आणि तो वाईट नाही. एम२५ ऐवजी एम४० घातलं, तर दाबाखालची ताकद ६० टक्क्यांनी वाढते. पण काँक्रीटचा ताठपणा ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे ६० टक्के जास्त ताकदीमागे ताठपणा फक्त सव्वापट. आपण तो एक तृतीयांशावर आणून ठेवलेला असतो, तिथून सव्वापट केला तरी निम्म्यालाही पोचत नाही. आणि ३०० मिमीचा नियम ग्रेड बघत नाही. मी वहीच्या पानावर हे मांडलं. त्यांनी ते पान फाडून घेतलं.

दुसरा प्रश्न: मग दुसरा मार्ग कोणता?

मार्ग भिंतीत होता. बाहेरच्या भिंती आम्ही विटांच्या, २३० मिमीच्या धरल्या होत्या. त्या १५० मिमीच्या एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये केल्या, तर कॉलम जागेवरच राहतात आणि कॉलमच्या मधली भिंत आतून ८० मिमी मागे जाते. इमारतीचा परिघ ५१ मीटर. त्यातून बाहेरच्या रेषेतल्या कॉलमची लांबी वजा केली तर साधारण ४४ मीटर भिंत उरते. मजल्यामागे साडेतीन चौरस मीटर, म्हणजे ३७-३८ चौरस फूट. कॉलम बारीक करून मिळणार होते त्याच्या जवळजवळ पाचपट. ब्लॉक विटेपेक्षा बराच हलका असतो, त्यामुळे कॉलमवरचं ओझंही कमी होतं. आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तापणाऱ्या सोलापुरात तो उष्णताही विटेपेक्षा चांगली अडवतो.

यात मी दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या, कारण नंतर सांगितल्या की ती सबब वाटते. एक, भिंत पातळ झाल्यामुळे खोलीच्या आत कॉलम १५० मिमी पुढे आलेला दिसेल. आत्ता तो ७० दिसला असता. दोन, ब्लॉक आणि कॉलम जिथे भेटतात तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारली नाही, तर पहिल्या उन्हाळ्यातच उभी चीर पडते. बारीक कामाची बचत तिथे करायची नाही.

मालकांनी बराच वेळ प्लॅन पाहिला. मग आतल्या बेडरूममधल्या एका कॉलमवर बोट ठेवून म्हणाले, "हा पलंगाच्या उशाला येतोय. हा तेवढा फिरवा, बाकीचे ऱ्हाऊ द्या." कॉलम फिरवला की तो एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला मऊ होतो. एकट्याने फिरवला तरी शेजारच्या कॉलमवरचा हिस्सा बदलतो. म्हणून हे मी ठरवू शकत नव्हतो. कन्सल्टंटनी दोन दिवस घेतले आणि नाही म्हणाले. चार आतल्या कॉलमपैकी दोन एका दिशेला आणि दोन दुसऱ्या दिशेला ठेवलेले होते ते मुद्दाम, इमारतीचा ताठपणा दोन्ही बाजूंना सारखा राहावा आणि ती पिळली जाऊ नये म्हणून. आर्किटेक्टनी पलंगाची जागा बदलली आणि कॉलमशेजारच्या खाचेत कपाट काढलं. मालकांना ते पूर्ण पटलेलं नाही. त्या बेडरूमची आठवण ते अजूनही काढतात, आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. माप ठरवणाऱ्याने कॉलमची जागा ठरतानाच आर्किटेक्टशेजारी बसायला हवं होतं. फुटिंग भरल्यावर हा प्रश्न सुटत नाही.

बाहेरच्या भिंतींना एएसी ब्लॉक घेतले. पश्चिमेची भिंतही तीच ठेवली, फक्त बाहेरून प्लास्टरचे दोन हात. भिंतींचं वजन कमी झाल्यावर कन्सल्टंटनी गणित पुन्हा केलं. वरच्या दोन मजल्यांच्या कॉलममधलं लोखंड थोडं कमी झालं, माप तेच राहिलं.

कॉलमचा पहिला टप्पा आम्ही सकाळी सहाला भरायला घेतला. त्या उन्हात दहाच्या पुढे काँक्रीट ओतणं म्हणजे पाणी घालायचा मोह कामगारांना होणारच. बारबेंडरने कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दोन-दोन फुटांत रिंगा ७५ मिमीवर बांधल्या होत्या आणि रिंगांची टोकं आतल्या गाभ्यात १३५ अंशांत वळवलेली होती. मालक आले, टेप काढला आणि पाच-सहा रिंगांमधलं अंतर मोजलं. एका ठिकाणी साडेचार इंच निघालं. त्यांनी मला हाक मारून ते दाखवलं. बारबेंडरने तिथे आणखी एक रिंग टाकली, तार आवळली, आणि मगच आम्ही त्या कॉलमचं शटर बंद केलं.